व्हिसासाठी पगाराचा तपशीलवार दाखला: मागणीचे पत्र कसे लिहावे आणि आकड्यांचा मेळ कसा बसवावा

जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करणाऱ्या माणसाला पगाराचा दाखला साधारणपणे दोन वेळा लागतो. एकदा घराच्या कर्जासाठी आणि आता अलीकडे परदेशी असलेल्या मुलाकडे किंवा मुलीकडे जाण्याच्या व्हिसासाठी. कर्जासाठीचा दाखला बँकेच्या छापील नमुन्यावर होतो, शाखेतला अधिकारी ओळखीचा असतो, आणि काही कमी-जास्त राहिले तर फोनवर विचारून घेतो. व्हिसाच्या अर्जात अशी सोय नसते. अर्ज पाहणाऱ्या अधिकाऱ्यासमोर फक्त कागद असतात, आणि तो दाखल्यातली रक्कम पगार स्लिपशी, स्लिपमधली रक्कम बँकेच्या स्टेटमेंटशी आणि वर्षाची रक्कम आयकर विवरणपत्राशी ताडून पाहू शकतो. या चार ठिकाणी चार वेगळे आकडे दिसले आणि त्यांचा खुलासा कुठेच नसला, तर सर्व कागद खरे असूनही अर्जावर शंका येते.

जर्मनीसह युरोपातल्या शेंगेन देशांच्या व्हिसा नाकारण्याच्या छापील नमुन्यात जी कारणे असतात, त्यांत पुरेशा खर्चाची तरतूद दाखवली नाही हे एक कारण आहे, आणि मुदत संपण्यापूर्वी परत जाण्याच्या इराद्याबद्दल वाजवी शंका आहे हे दुसरे. पगाराचा तपशीलवार दाखला या दोन्ही प्रश्नांशी थेट जोडलेला आहे. दरमहा किती रक्कम येते आणि त्यातून किती हातात उरते हे त्यातून कळते, शिवाय परत येऊन ज्या नोकरीवर रुजू व्हायचे आहे, ती नोकरी पक्की आहे की नाही हेही कळते.

म्हणून दाखला मागणारे पत्र नेमके असावे लागते. "माझ्या पगाराचा दाखला मिळावा ही विनंती" एवढ्या एका ओळीच्या अर्जावर अकाउंट्स विभागाकडून बहुधा एका ओळीचाच दाखला मिळतो: अमुक व्यक्ती आमच्याकडे अमुक तारखेपासून नोकरीस असून त्यांचा पगार अमुक आहे. तो पगार भत्त्यांसह आहे की कपातीनंतरचा, कंपनीच्या एकूण खर्चाचा आकडा आहे की हातात येणारा, हे त्यातून कळत नाही. यात दाखला लिहिणाऱ्याचा दोष फारसा नसतो. त्याच्याकडे कर्जाचे, मुलांच्या शिष्यवृत्तीचे, उत्पन्नाच्या दाखल्याचे असे अनेक अर्ज येत असतात. तो काम करता करता विचारतो, "भाऊ, कोणता आकडा लिहू, वरचा की हातातला?" याचे उत्तर "दोन्ही, आणि मधली वजाबाकीसुद्धा" असे असायला हवे, आणि ते पत्रातच लिहिलेले असावे.

एका पगाराची पूर्ण मांडणी

उदाहरण म्हणून जळगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका पाइप कारखान्यातील शिफ्ट सुपरवायझरचा पगार घेऊ. त्यांची मुलगी आणि जावई जर्मनीत आहेत, आणि डिसेंबरात महिनाभर त्यांच्याकडे राहून यायचे आहे. त्यांचे मूळ वेतन ३०,००० रुपये आहे. घरभाडे भत्ता १२,००० रुपये, प्रवास भत्ता ३,००० रुपये आणि विशेष भत्ता ९,००० रुपये आहे. हे सर्व मिळून दरमहा ५४,००० रुपये होतात. याला ग्रॉस म्हणजे कपातीपूर्वीचा एकूण पगार म्हणतात.

आता कपाती पाहू. त्यांच्या कंपनीत भविष्य निर्वाह निधी, म्हणजे पीएफ, पूर्ण मूळ वेतनावर कापला जातो. १२ टक्क्यांनी तो ३,६०० रुपये होतो. व्यवसाय कर २०० रुपये आहे. आयकर कापला जात नाही, कारण आर्थिक वर्ष २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत पगारदाराला ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट धरून १२ लाख ७५ हजारांपर्यंतच्या पगारावर कर लागत नाही. इथपर्यंतच्या कपाती कायद्याने ठरलेल्या आहेत. यानंतर येते ती कामगारांच्या पतसंस्थेची कपात. घर बांधताना घेतलेल्या कर्जाचा हप्ता ७,५०० रुपये आणि मासिक वर्गणी ५०० रुपये, असे ८,००० रुपये पगारातूनच परस्पर जातात. कॅन्टीनचे ४०० रुपये वेगळे.

ही सगळी मांडणी दाखल्यात अशी यायला हवी:

| तपशील | दरमहा रुपये | वार्षिक रुपये |
|---|---|---|
| मूळ वेतन | ३०,००० | ३,६०,००० |
| घरभाडे भत्ता | १२,००० | १,४४,००० |
| प्रवास भत्ता | ३,००० | ३६,००० |
| विशेष भत्ता | ९,००० | १,०८,००० |
| एकूण पगार | ५४,००० | ६,४८,००० |
| भविष्य निर्वाह निधी | ३,६०० | ४३,२०० |
| व्यवसाय कर | २०० | २,५०० |
| आयकर | निरंक | निरंक |
| वैधानिक कपातीनंतर | ५०,२०० | ६,०२,३०० |
| पतसंस्था, कर्जहप्ता व वर्गणी | ८,००० | ९६,००० |
| कॅन्टीन | ४०० | ४,८०० |
| बँकेत जमा होणारी रक्कम | ४१,८०० | ५,०१,५०० |

या तक्त्यात व्यवसाय कराची ओळ मुद्दाम पाहावी. महिन्याला २०० रुपये असले तरी वर्षाचे २,४०० होत नाहीत. महाराष्ट्रात हा कर वर्षाला २,५०० रुपये आहे. अकरा महिने २०० आणि फेब्रुवारीत ३०० अशी त्याची वसुली होते. त्यामुळे ज्याने दरमहाच्या ४१,८०० ला सरळ बाराने गुणले, त्याचा वार्षिक आकडा ५,०१,६०० येतो आणि ओळीओळीने बेरीज करणाऱ्याचा ५,०१,५००. शंभर रुपयांनी व्हिसा नाकारला जाणार नाही, पण उभी बेरीज आणि आडवा गुणाकार जुळत नाही असा दाखला पाहणाऱ्याच्या मनात कंपनीच्या हिशेबाबद्दल शंका निर्माण करतो. म्हणून वार्षिक रकाना ओळीओळीने भरावा आणि शेवटी खालच्या बेरजा तपासाव्यात. जिथे कामगार कल्याण निधीची कपात लागू आहे, तिथे ती जून आणि डिसेंबर याच दोन महिन्यांत होते, हेही वार्षिक रकान्यात धरावे लागते.

दुसरी पाहण्याची ओळ आयकराची आहे. कर कापला जात नाही म्हणून अनेक दाखल्यांत ती ओळच नसते. ती ठेवून तिथे "निरंक" लिहावे असे माझे मत आहे. ओळच नसेल तर ती राहून गेली आहे की खरोखर कर नाही, हे वाचणाऱ्याला ठरवता येत नाही. इथे आणखी एक गोष्ट जोडलेली आहे. कर कापलाच नसेल तर कंपनीकडून फॉर्म १६ मिळेलच असे नाही, आणि मग वार्षिक उत्पन्नाचा पुरावा म्हणून आयकर विवरणपत्र हाच कागद उरतो. कर शून्य असला तरी या सुपरवायझरचे उत्पन्न नव्या प्रणालीतल्या ४ लाखांच्या मूळ मर्यादेच्या वर आहे, म्हणून विवरणपत्र भरणे त्यांना आवश्यकच आहे. अर्जाच्या वेळी विवरणपत्र आणि त्याची पोच हाताशी असावी.

पतसंस्थेची कपात लपवू नये

खानदेशात कारखाना असो, शाळा असो की दूध संघ, पगारातून पतसंस्थेचा हप्ता जाणे ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. मुलीचे लग्न, घराचा स्लॅब, शेतातली बोअर अशा कामांना आपला पगारदार आधी पतसंस्थेकडेच जातो. तरीही व्हिसाचा दाखला मागताना बरेच जण अकाउंट्समध्ये सांगतात की सोसायटीची कपात दाखवू नका, कर्ज दिसले तर वाईट दिसेल. हा सल्ला मला पूर्णपणे चुकीचा वाटतो.

आपल्या उदाहरणात सोसायटी आणि कॅन्टीन वगळून दाखला दिला, तर निव्वळ पगार ५०,२०० रुपये दिसेल. बँकेत मात्र स्टेटमेंटमध्ये सुमारे ८,४०० रुपये कमी जमा झालेले दिसतील, आणि सोबत जोडलेल्या पगार स्लिपमध्ये ती कपात छापलेलीच असेल. म्हणजे जे लपवले ते पुढच्याच कागदावर उघड होणार, आणि दाखला खोटा नसूनही अविश्वसनीय ठरणार. त्यापेक्षा वैधानिक कपातीनंतरची रक्कम वेगळी दाखवावी, त्याखाली स्वतःच्या संमतीने होणाऱ्या कपाती दाखवाव्यात आणि शेवटी बँकेत जमा होणारी रक्कम द्यावी. अशा दोन टप्प्यांच्या मांडणीमुळे पगाराची खरी ताकद ५०,२०० रुपयांची आहे आणि त्यातले ८,४०० रुपये कर्मचाऱ्याने स्वतः ठरवलेल्या कामांकडे जातात, हे वाचणाऱ्याला एका नजरेत कळते.

शिवाय त्या ८,००० रुपयांमधील ५०० रुपयांची वर्गणी ही बचत आहे. शक्य असल्यास हप्ता आणि वर्गणी दोन वेगळ्या ओळींत मागाव्यात, आणि पतसंस्थेकडून भाग व ठेव किती जमा आहे याचा वेगळा कागद घ्यावा. तो कंपनीच्या दाखल्याचा भाग होऊ शकत नाही, पण सोबत जोडता येतो.

बदलणारी रक्कम आणि बँकेच्या तारखा

वरचा तक्ता कायम रकमांचा आहे. सुपरवायझरला रात्रपाळीचा भत्ता मिळतो, आणि तो दर महिन्याला पाळ्यांप्रमाणे बदलतो. समजा जुलैत तो १,५०० रुपये, ऑगस्टमध्ये २,१०० रुपये आणि सप्टेंबरात १,२०० रुपये होता. त्यामुळे बँकेत ४१,८०० ही रक्कम एकाही महिन्यात जमा झालेली नाही. जुलैच्या पगाराचे ४३,३००, ऑगस्टचे ४३,९०० आणि सप्टेंबरचे ४३,००० रुपये जमा झाले आहेत. नेमक्या याच ठिकाणी अनेक अर्जांतला मेळ तुटतो. कोणी तीन महिन्यांची सरासरी काढून तोच पगार म्हणून लिहितो, कोणी शेवटच्या महिन्याचा आकडा बाराने गुणतो, आणि दोन्ही प्रकारांत दाखल्यातला आकडा एकाही स्लिपशी जुळत नाही.

यावर सरळ उपाय असा की कायम पगाराच्या तक्त्याखाली मागच्या तीन महिन्यांचा छोटा तक्ता मागावा. त्यात त्या महिन्याचा कायम पगार, रात्रपाळी भत्ता, एकूण कपात, निव्वळ रक्कम आणि ती बँकेत जमा झाल्याची तारीख असावी. तारीख का, तर जुलैचा पगार ऑगस्टच्या ७ तारखेपर्यंत जमा होतो, आणि स्टेटमेंटमध्ये तो ऑगस्टच्या पानावर दिसतो. जुलैची स्लिप हातात धरून स्टेटमेंटच्या जुलैच्या पानावर ती रक्कम शोधणाऱ्याला तिथे जूनचा पगार सापडतो. दाखल्यात "जुलै महिन्याचे वेतन, जमा दिनांक ७ ऑगस्ट, रुपये ४३,३००" असे लिहिलेले असेल, तर शोधाशोध राहत नाही.

दिवाळीत मिळालेला बोनस किंवा सानुग्रह रक्कम स्टेटमेंटच्या काळात आली असेल, तर तीही अशीच वेगळ्या ओळीत तारखेसह घ्यावी. पगाराच्या बेरजेत ती मिसळू नये. शेतीच्या उत्पन्नाचा प्रश्न मात्र कंपनीच्या हातात नाही. रावेर-यावलकडे केळीचे किंवा चोपडा-अमळनेरकडे कापसाचे पैसे त्याच खात्यात येत असतील, तर त्यांचा खुलासा सातबारा आणि व्यापाऱ्याच्या पावत्यांनीच करावा. दाखल्यात फक्त पगार राहू द्यावा.

कंपनीचा खर्च म्हणजे पगार नव्हे

नियुक्तीपत्रात किंवा वेतनवाढीच्या पत्रात सीटीसी म्हणजे कंपनीच्या एकूण खर्चाचा एक मोठा आकडा असतो, आणि दाखल्यात तो लिहून घेण्याचा मोह अनेकांना होतो. आपल्या सुपरवायझरच्या बाबतीत कंपनी स्वतःच्या खिशातून पीएफमध्ये आणखी ३,६०० रुपये भरते. त्यातले १,२५० रुपये पेन्शन योजनेत आणि बाकीचे २,३५० त्यांच्या पीएफ खात्यात जातात. ग्रॅच्युइटीसाठी मूळ वेतनाच्या ४.८१ टक्के, म्हणजे सुमारे १,४४३ रुपये, हिशेबात बाजूला धरले जातात. हे मिळवले की ५९,०४३ रुपये होतात आणि वर्षाचा आकडा ७ लाखांच्या वर जातो. पण यातला एकही जादा रुपया दरमहा हातात येत नाही, आणि ग्रॅच्युइटी तर नोकरी सुटल्यावरच मिळते. दाखल्यात एकूण पगार म्हणून ५४,००० हाच आकडा हवा. कंपनीचा पीएफ हिस्सा दाखवायचाच असेल, तर तक्त्याखाली टीप म्हणून दाखवावा, बेरजेत धरू नये.

वार्षिक रकान्याबद्दलही एक स्पष्टता लागते. वरच्या तक्त्यातले वार्षिक आकडे "सध्याच्या दराने" आहेत. आयकर विवरणपत्र मात्र मागच्या आर्थिक वर्षात प्रत्यक्ष मिळालेल्या पगाराचे असते, आणि त्या वर्षी वेतनवाढ झालेली नसेल तर तो आकडा कमी असतो. दोन्ही बरोबर असतात. दाखल्यात वार्षिक रकान्याच्या शीर्षकात "सध्याच्या वेतनदराने, रात्रपाळी भत्ता वगळून" एवढे शब्द आणि शेवटची वेतनवाढ कोणत्या तारखेपासून लागू झाली हे लिहिले, की दोन आकड्यांमधला फरक आपोआप समजतो.

पत्र

आता या सगळ्याचा विचार करून लिहिलेले मागणीचे पत्र पाहू. कंपनीतले व्यवहार मराठीत चालत असतील तर पत्र मराठीत देण्यास काहीच हरकत नाही. पण दाखला इंग्रजीत मागावा, कारण तो अर्जासोबत तसाच जोडता येतो आणि भाषांतराचा खर्च वाचतो.

> प्रति,
> मा. व्यवस्थापक, मनुष्यबळ विभाग,
> कंपनीचे नाव व पत्ता, जळगाव.
>
> दिनांक: ८ ऑक्टोबर
>
> विषय: जर्मनीच्या अल्पकालीन व्हिसाच्या अर्जासाठी पगाराचा तपशीलवार दाखला मिळणेबाबत.
>
> महोदय,
>
> मी आपल्या कंपनीत उत्पादन विभागात शिफ्ट सुपरवायझर या पदावर कायम कर्मचारी म्हणून कार्यरत आहे. माझा कर्मचारी क्रमांक, रुजू झाल्याची तारीख आणि पासपोर्टप्रमाणे पूर्ण नाव या पत्राच्या शेवटी दिले आहे.
>
> माझी मुलगी जर्मनीत राहते. तिच्याकडे डिसेंबर महिन्यात भेटीसाठी जाण्याकरिता मी व्हिसाचा अर्ज करणार असून, त्यासोबत पगाराचा दाखला जोडावयाचा आहे. तरी कृपया कंपनीच्या लेटरहेडवर, इंग्रजीत, पुढील तपशिलासह दाखला मिळावा.
>
> दाखल्यात माझे पद, रुजू होण्याची तारीख, नोकरी कायम स्वरूपाची असल्याचा उल्लेख आणि शेवटच्या वेतनवाढीची तारीख असावी. मूळ वेतन आणि प्रत्येक भत्ता वेगळ्या ओळीत दाखवून त्यांची मासिक व वार्षिक बेरीज द्यावी. भविष्य निर्वाह निधी, व्यवसाय कर व आयकर या वैधानिक कपाती आणि पतसंस्था व कॅन्टीन या माझ्या संमतीच्या कपाती स्वतंत्र दाखवून, प्रत्येक टप्प्यानंतर उरणारी रक्कम अंकी व अक्षरी द्यावी. आयकर कपात नसल्यास तिथे निरंक असे लिहावे. कंपनीचा भविष्य निर्वाह निधीतील हिस्सा व ग्रॅच्युइटी बेरजेत धरू नये.
>
> जुलै, ऑगस्ट व सप्टेंबर या महिन्यांत मिळालेला रात्रपाळी भत्ता, बँकेत जमा झालेली निव्वळ रक्कम आणि जमा झाल्याची तारीख स्वतंत्र तक्त्यात द्यावी. या तीन महिन्यांच्या पगार स्लिपांवर सही व शिक्का मिळावा.
>
> दाखल्यावर जावक क्रमांक, तारीख, सही करणाऱ्या अधिकाऱ्यांचे नाव, पद, कार्यालयाचा दूरध्वनी व कंपनीचा ई-मेल असावा, म्हणजे पडताळणीसाठी संपर्क करता येईल. व्हिसा अर्ज केंद्रावरील माझी भेटीची वेळ ३० ऑक्टोबरच्या सुमारास मिळण्याची अपेक्षा असल्याने दाखला २० ऑक्टोबरपर्यंत मिळाल्यास सोयीचे होईल. रजा मंजुरीचे पत्र मी स्वतंत्र अर्जाद्वारे मागत आहे.
>
> आपला विश्वासू,
> सही, पासपोर्टप्रमाणे पूर्ण नाव, कर्मचारी क्रमांक, रुजू तारीख, मोबाइल क्रमांक
>
> सोबत: पासपोर्टच्या पहिल्या व शेवटच्या पानाची प्रत, तीन महिन्यांच्या पगार स्लिपा.

या पत्रात रजेचे पत्र वेगळे मागितले आहे, ते मुद्दाम. तिकिटांमुळे किंवा भेटीची वेळ पुढे गेल्यामुळे प्रवासाच्या तारखा बदलतात, आणि तारखा दाखल्यातच लिहिलेल्या असतील तर पगाराचा दाखलाही नव्याने घ्यावा लागतो. दोन कागद वेगळे असले की एकच बदलावा लागतो.

पगार स्लिप देणे कायद्याने मालकावर बंधनकारक आहे, पण व्हिसासाठीचा असा तपशीलवार दाखला कंपनी विनंतीवरून देते. म्हणून पत्राची भाषा मागणीची नसून विनंतीची ठेवावी, आणि काम सोपे व्हावे यासाठी आकडे भरलेला तक्ता सोबत कच्च्या स्वरूपात द्यावा. अकाउंट्सच्या माणसाला तो तपासून सही करणे, कोऱ्या कागदावरून सुरुवात करण्यापेक्षा पुष्कळ सोपे जाते. मात्र तो तक्ता स्लिपवरूनच बनवावा. आपल्या सोयीचा आकडा त्यात घालून सहीसाठी ठेवणे म्हणजे ज्याने सही केली त्यालाही अडचणीत टाकणे आहे.

नाव, ठेकेदार आणि फोन

आकडे जुळले तरी नावावरून अडचण येऊ शकते. आपल्याकडे कंपनीच्या रजिस्टरमध्ये आडनाव आधी, मग स्वतःचे नाव आणि मग वडिलांचे नाव अशी नोंद असते. पासपोर्टमध्ये आडनाव वेगळ्या रकान्यात असते. त्यात वडिलांच्या नावामागे एका कागदावर "राव" किंवा "भाऊ" असतो आणि दुसऱ्यावर नसतो, इंग्रजी स्पेलिंगमध्ये एखादे अक्षर कमी-जास्त असते. पासपोर्टची प्रत पत्राला जोडण्याचे कारण हेच. दाखल्यात नाव पासपोर्टप्रमाणे हवे, आणि स्लिपवर ते वेगळे छापले जात असेल तर "कंपनीच्या नोंदीत अमुक नावाने असलेले कर्मचारी व पासपोर्ट क्रमांक अमुक असलेली व्यक्ती एकच आहे" असे एक वाक्य दाखल्यातच घालून घ्यावे.

ठेकेदारामार्फत काम करणाऱ्यांनी आधी आपले स्टेटमेंट उघडून पाहावे. वर्षानुवर्षे एकाच कारखान्याच्या गेटमधून आत जाणाऱ्या माणसाला तो त्या कारखान्याचाच कर्मचारी वाटतो, पण खात्यात पगार ठेकेदाराच्या फर्मच्या नावाने जमा होत असतो आणि पीएफही त्याच फर्मच्या नोंदणीखाली भरलेला असतो. पगाराचा दाखला ज्याच्या नावाने पैसे जमा होतात त्याच्याच लेटरहेडवर हवा. कारखान्याकडून मिळालेच, तर अमुक ठेकेदारामार्फत आपण तिथे अमुक काळापासून काम करत आहात एवढे पूरक पत्र घ्यावे.

पडताळणीचा फोन किंवा ई-मेल प्रत्येक अर्जात येतोच असे नाही, पण आला तर तो कार्यालयाच्या क्रमांकावर येतो. सही करणारे साहेब रजेवर असतील किंवा फोन उचलणाऱ्याला काही माहीत नसेल, तर "असे कोणी इथे नाही" एवढ्या उत्तरावर सगळी मेहनत वाया जाऊ शकते. दाखला घेताना फोनजवळ बसणाऱ्या सहकाऱ्यालाही सांगून ठेवावे, आणि दाखल्याची सही केलेली प्रत मनुष्यबळ विभागाच्या फाइलला लागली आहे याची खात्री करावी.

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या आधी सहा महिन्यांपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावा लागतो. निर्णयाला साधारण १५ दिवस धरले जातात, पण काही प्रकरणांत ते ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतात. या हिशेबात डिसेंबरच्या प्रवासासाठी ऑक्टोबरचा शेवट हा सुरक्षित काळ आहे. दाखला मात्र फार आधी घेऊन ठेवू नये. अर्जाच्या दिवशी तो शक्यतो महिनाभराच्या आतला असावा आणि त्यातले तीन महिने स्टेटमेंटमधल्या शेवटच्या तीन महिन्यांशी जुळावेत. भेटीची वेळ ७ नोव्हेंबरच्या पुढे सरकली, तर तोपर्यंत ऑक्टोबरचा पगारही जमा झालेला असेल, आणि मग जुलैची ओळ काढून ऑक्टोबरची घातलेला नवा दाखला घ्यावा लागेल.

जळगावहून मुंबईच्या अर्ज केंद्रावर जाणे म्हणजे रात्रीची गाडी आणि एक दिवसाची रजा. म्हणून निघण्याच्या आदल्या संध्याकाळी दाखला, तीन स्लिपा आणि स्टेटमेंट शेजारी ठेवून तीन रकमा पेन्सिलीने तपासाव्यात: ४३,३००, ४३,९०० आणि ४३,०००. तिन्ही ठिकाणी त्या त्याच तारखांना दिसल्या, तर दाखल्याची मूळ प्रत आणि दोन झेरॉक्स फाइलमध्ये लावाव्यात, आणि एक प्रत घरी ठेवावी, कारण केंद्रावर जमा केलेले कागद नंतर पाहायला मिळतीलच असे नाही.